हालचाल ओव्हरलॅपच्या अर्धा तास आधीच कशी आली? (सेशन, शांत तास आणि रेंज)

पंधरामिनिटवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दीडेक वर्षापासून मी फक्त युरो-डॉलर बघतो, पंधरा मिनिटांच्या चार्टवर. सेशनचे रंगीत चौकोन काढून देणारा एक इंडिकेटर लावला आहे आणि त्यात लंडन-न्यूयॉर्क ओव्हरलॅपची वेळ मी स्वतः भरली आहे, १३:०० ते १७:०० यूटीसी. हिवाळ्याचे महिने चौकोन आणि हालचाल अगदी जुळून येतात. दुपारपर्यंत रेंगाळलेला भाव चौकोन सुरू झाला की पाय पसरतो.

आता जुना डेटा मागे सरकवून बघताना मार्च २०२५ मध्ये अडकलो. ७ मार्चला, शुक्रवारी, अमेरिकेचा रोजगार अहवाल होता. धावपळ १३:३० ला, चौकोनाच्या आत, सगळं ठीक. पुढच्याच बुधवारी, १२ मार्चला, अमेरिकेच्या महागाईचे आकडे आले आणि धावपळ दिसते १२:३० ला. म्हणजे चौकोन सुरू व्हायच्या अर्धा तास आधी! त्या आठवड्यातले बाकीचे दिवसही तसेच सरकलेले वाटतात.

दोन प्रश्न आहेत. एक, हे असं का? दोन, ओव्हरलॅपमध्ये हालचाल मोठी का होते याचं खरं कारण काय? ‘दोन बाजार उघडे असतात म्हणून’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण दोन दुकानं उघडी असली म्हणून मालाचा भाव का हलावा, हे मला अजून कळलेलं नाही.

तेजीमंदी

आकडे आधीच फुटले असणार, दुसरं काय. मोठ्या लोकांना अर्धा-एक तास आधी कळतं, ते आधीच घुसतात आणि आपण मागून पोचतो. माझ्या बाबतीत तीनदा झालंय.

व्हॉल्यूमभाऊ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. व्हॉल्यूम. जगातला सगळ्यात जास्त व्यवहार लंडनमध्ये होतो, त्याखालोखाल न्यूयॉर्कमध्ये. दोघं एकत्र आले की व्हॉल्यूम वाढतो, आणि व्हॉल्यूम वाढला की भाव जास्त हलतो. आशियाच्या तासांत व्हॉल्यूम कमी, म्हणून रेंज आखूड. तुमच्या प्लॅटफॉर्मवर खाली व्हॉल्यूमच्या काठ्या लावून बघा, डोळ्यांनी दिसेल.

स्पॉटडेस्क

बरीच वर्षं बँकेच्या ट्रेझरीत स्पॉट डेस्कवर काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न आधी. तेजीमंदी, आकडे फुटले नव्हते. घड्याळ सरकलं होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ब्रिटन आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२५ मध्ये या तारखा ९ मार्च आणि ३० मार्च अशा होत्या. मधले तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर नेहमीच्या पाच तासांऐवजी चारच तासांचं होतं. अमेरिकेचे महत्त्वाचे आकडे न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी साडेआठला येतात, त्यात बदल नाही. ७ मार्चला न्यूयॉर्कचे साडेआठ म्हणजे १३:३० यूटीसी होते, १२ मार्चला तेच साडेआठ १२:३० यूटीसी झाले. बाजार वेळेवरच आला, तुमचा चौकोन जागेवर बसून राहिला.

आणि त्या तीन आठवड्यांत लंडन अजून जुन्याच घड्याळावर असतं. न्यूयॉर्क एक तास लवकर जागं होतं, लंडन मात्र आपल्या नेहमीच्या वेळेलाच घरी जातं. म्हणजे ओव्हरलॅप नुसता सरकत नाही, लांबतो. लंडनचा दिवस संध्याकाळी पाचपर्यंत धरला तर त्या दिवसांत तो १२:०० ते १७:०० यूटीसी, तब्बल पाच तास. ३० मार्चनंतर लंडनही पुढे गेलं की १२:०० ते १६:००, पुन्हा चार तास. शरद ऋतूतही हेच होतं, पण एकच आठवडा, कारण युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. जपान घड्याळ बदलतच नाही, म्हणून टोकियोची वेळ यूटीसीत वर्षभर तीच दिसते.

तेव्हा चौकोन यूटीसीत भरू नका. डावी कड न्यूयॉर्कच्या घड्याळाला बांधा, सकाळी आठ. उजवी कड लंडनच्या घड्याळाला, संध्याकाळी पाच.

पंधरामिनिटवाला

ताई, डोक्यावरचं ओझं उतरलं. मी या तीन आठवड्यांतले ट्रेड ‘नियम मोडला’ म्हणून वहीत वेगळे काढून ठेवले होते. आता परत बघावे लागतील.

स्पॉटडेस्क

आता दुसरा प्रश्न. व्हॉल्यूमभाऊंचं अर्धं बरोबर आहे. लंडन पहिलं आणि न्यूयॉर्क दुसरं, हे खरंच. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स दर तीन वर्षांनी मोजणी करते. २०२२ च्या मोजणीत जगातल्या एकूण उलाढालीपैकी सुमारे ३८ टक्के ब्रिटनमध्ये नोंदली गेली होती आणि १९ टक्के अमेरिकेत. जपानचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास.

पण व्हॉल्यूम वाढला म्हणून भाव हलतो, यात कारण आणि परिणाम यांची गल्लत होते. विचार करा. भाव देणाऱ्या बँका जास्त, खरेदीला आणि विक्रीला लावलेले सौदे जास्त, तर एखादा मोठा ऑर्डर आला तरी भाव *कमी* हलायला हवा. डेस्कवर हे रोज दिसायचं. वीस कोटी युरो विकायचे असतील तर ओव्हरलॅपमध्ये तो ऑर्डर तुकडे करून अर्ध्या तासात सोडला की पाणी हललेलंही कळत नाही. तोच ऑर्डर न्यूयॉर्क बंद झाल्यावर आला तर ग्राहकाला आम्ही हात जोडून सांगायचो, घाई नसेल तर टोकियो येईपर्यंत थांबा.

मग ओव्हरलॅपमध्ये हलतं ते काय? हलवायची कारणं त्या चार तासांत एका ओळीने उभी असतात. न्यूयॉर्कच्या घड्याळाने बघा. साडेआठला अमेरिकेचे आकडे. युरोपियन सेंट्रल बँकेच्या बैठकीचा दिवस असेल तर पावणेनऊला पत्रकार परिषद. दहाला आणखी काही अमेरिकी आकडे आणि त्याच क्षणी ऑप्शनची न्यूयॉर्क कट, म्हणजे त्या दिवशी संपणारे ऑप्शन तेव्हा ठरतात. अकराला, लंडनच्या दुपारी चारला, फिक्सिंग. जगभरचे फंड आपली मालमत्ता त्या दराने मोजतात, म्हणून महिनाअखेरीला त्यांचं हेजिंग त्याच सुमाराला एका दिशेने बाहेर पडतं. पूर्वी हा दर एका मिनिटाच्या व्यवहारांवरून काढायचे, २०१५ पासून ती खिडकी पाच मिनिटांची आहे.

त्यात भर म्हणजे, दोन खंडांतली माणसं एकच बातमी आपापल्या हिशोबाने एकाच वेळी वाचत असतात. युरोपातल्या माणसाने सकाळपासून जे मत धरलेलं असतं, ते न्यूयॉर्कचा माणूस आला की तपासलं जातं. मतं जुळली तर चाल लांबते, नाही जुळली तर सकाळची सगळी चाल पुसली जाते. लंडनच्या डीलरला घरी जाण्याआधी पोझिशन कमी करायची असते, तीही याच वेळात. व्हॉल्यूम आणि हालचाल दोन्ही या कारणांची पोरं आहेत. एक दुसऱ्याची आई नाही.

व्हॉल्यूमभाऊ

ताई, मान्य करायला जड जातंय. स्प्रेड ओव्हरलॅपमध्ये सगळ्यात कमी असतो हे मी रोज बघतो. तुम्ही म्हणता खोली जास्त म्हणून भाव हलायला अवघड. आणि त्याच तासात रेंज सगळ्यात मोठी. अवघड असूनही सगळ्यात जास्त हलतो? दोन्ही एकदम कसं?

स्पॉटडेस्क

कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या मापाच्या आहेत. स्प्रेड म्हणजे आत्ता, या क्षणी, घेऊन लगेच विकायचा खर्च. रेंज म्हणजे तासाभरात भाव कुठून कुठे गेला. ओव्हरलॅपमध्ये भाव बारीक बारीक पावलं टाकतो, पण पावलं खूप असतात आणि बातमीनंतर बरीचशी एकाच दिशेने पडतात. शांत तासात पावलं थोडी, आणि पुढे-मागे पडून भाव जवळजवळ जागेवरच. म्हणून रेंज आखूड. पण तिथे एक पाऊल मोठं पडलं तर धरायला कोणी नसतं.

एक अपवाद सांगते. आकडे यायच्या आधी काही सेकंद बँका आपले भाव मागे घेतात, मग भर ओव्हरलॅपमध्येही स्प्रेड फाटतो. त्या क्षणापुरता भरलेला बाजार ओस पडतो. बाजारात खोली आहे की नाही हे घड्याळ ढोबळमानाने सांगतं, सेकंदाचं सांगत नाही.

आणि प्लॅटफॉर्मवरच्या त्या काठ्या खऱ्या व्हॉल्यूमच्या नाहीत. तिथे भाव किती वेळा बदलला ते मोजलेलं असतं. भाव हलला की काठी वाढते, म्हणून हालचालीशी ती जुळणारच. त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

व्हॉल्यूमभाऊ

काठ्यांचं मान्य. बाकीचं पचायला वेळ लागेल. मला अजूनही वाटतं की गर्दीच गर्दीला ओढते, नुसत्या बातम्यांनी एवढं होत नाही. बातमी नसलेल्या दिवशीही ओव्हरलॅप हलतो की.

स्पॉटडेस्क

हलतो, खरं आहे, आणि बाकी दिवसापेक्षा बहुधा जास्तच. ऑर्डरचा ओघ ही सुद्धा एक बातमीच असते, फक्त ती कॅलेंडरवर छापलेली नसते. पण गर्दीचा स्वतःचा वाटा किती आणि बातमीचा किती, हे मीही छातीठोक सांगणार नाही.

शेवटचीलोकल

मी उशिरा आले, पण माझा प्रश्न याच्याच पोटातला आहे. मला नोकरीमुळे ओव्हरलॅप मिळतच नाही. न्यूयॉर्क बंद होताना मोकळी होते. म्हणून ठरवून शांत तासात युरो-पौंड करते. रेंज आखूड असते, वरच्या कडेला विकायचं, खालच्या कडेला घ्यायचं, बारा पिपचा स्टॉप. महिनाभर छान चाललं.

मग परवाचा ट्रेड. ०.८४१२ ला विकलं, स्टॉप ०.८४२४. सकाळी उठून बघते तर स्टॉप लागलेला, ०.८४२५ ला. आणि चार्टवर रात्रीचा उच्चांक ०.८४१७! भाव स्टॉपपर्यंत गेलाच नाही. ब्रोकरकडे तक्रार केली, उत्तर आलं की सगळं नियमानुसार आहे. मला तर ही सरळ फसवणूक वाटते.

तेजीमंदी

फसवणूकच आहे. स्टॉप दिसतात त्यांना. ब्रोकर बदला.

स्पॉटडेस्क

थांबा, आधी हिशोब करू. स्टॉप कोणत्या वेळी लागला ते हिस्टरीत बघा. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचच्या आसपासची वेळ असेल असा माझा अंदाज आहे.

शेवटचीलोकल

हो! ५:०४. तुम्हाला कसं कळलं?

स्पॉटडेस्क

न्यूयॉर्कचे पाच म्हणजे परकीय चलन बाजाराचा दिवस बदलतो तो क्षण. व्हॅल्यू डेट पुढे जाते, स्वॉप लागतो, बँकांच्या सिस्टीम दिवस बंद करून उघडतात. लंडन झोपलेलं, न्यूयॉर्क निघालेलं, टोकियो यायचं आहे. त्या काही मिनिटांत भाव देणारे मोजकेच उरतात आणि तेही लांब लांबचे भाव देतात. युरो-पौंडचा स्प्रेड एरवी एक-दीड पिप असेल, तर तेव्हा आठ-दहा पिप दिसणं विशेष नाही.

आता तुमचा ट्रेड. बहुतेक प्लॅटफॉर्मवर चार्ट बिडचा असतो. तुम्ही विकलं होतं, म्हणजे बाहेर पडताना घ्यावं लागणार, आणि घेणं आस्कला होतं. स्टॉप बिडने नाही, आस्कने लागतो. स्प्रेड नऊ पिप झाला असं धरा. मग बिड ०.८४१५ ला आला की आस्क ०.८४२४, तुमचा स्टॉप. चार्टचा उच्चांक तर त्याच्याही वर, ०.८४१७. म्हणजे बाजार तुमच्या विरुद्ध तीन पिप सरकला एवढंच, बाकीचे नऊ पिप स्प्रेडने खाल्ले. तुम्ही बारा पिपचा स्टॉप लावला होता, पण त्या मिनिटाला तो तीनच पिपचा होता.

खरेदी केली असती तर हेच उलट दिसलं असतं. स्प्रेड फाटताना बिड खाली येतो, आणि बिड चार्टवर असतो, म्हणून कॅन्डलला खाली लांब विक दिसली असती. विकणाऱ्याला मात्र चार्टवर काहीच दिसत नाही. म्हणून फसवणूक वाटते.

ब्रोकर अगदी सज्जन आहे असं मी म्हणत नाही, तपासून बघा. त्या मिनिटांचा टिक डेटा काढा, त्यात बिड आणि आस्क दोन्ही असतात. मेटाट्रेडर ५ मध्ये सिम्बॉल्सच्या खिडकीत टिक्सचा टॅब आहे. आस्क खरोखर ०.८४२४ ला पोचला होता का ते बघा, आणि दुसऱ्या ब्रोकरच्या डेमोवर तीच मिनिटं ताडून बघा. त्यांच्याकडे स्प्रेड चार पिप आणि तुमच्याकडे नऊ, असं रोज दिसलं तर तक्रारीला आधार आहे.

शेवटचीलोकल

टिक बघितले. आस्क ०.८४२५, बिड ०.८४१६. बरोबर नऊ पिप. दुसऱ्या डेमोवर सात. इतके दिवस मी रेंज मोजत होते आणि स्प्रेड मोजलाच नव्हता. म्हणजे शांत तासात काही करूच नये का?

स्पॉटडेस्क

करावं की नाही हे तुमच्या हिशोबावर आहे. अठरा पिपची रेंज आणि दीड पिपचा स्प्रेड, हे गणित जमू शकतं. फक्त न्यूयॉर्कच्या पाचच्या आधी पंधरा मिनिटं आणि नंतरचा निदान अर्धा तास तो स्प्रेड दीड पिप राहत नाही. टोकियो नीट सुरू झाल्यावर बघा. आणि आखूड स्टॉपच्या जोरावर मोठा लॉट घेऊ नका, कारण तो स्टॉप कोणत्या भावाला लागेल याची हमी त्या वेळात सगळ्यात कमी असते.

७ ऑक्टोबर २०१६ आठवा. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून सात मिनिटं झाली होती. पौंड-डॉलर १.२६ च्या आसपास निवांत होता. काही मिनिटांत तो सुमारे ९ टक्के कोसळला आणि बराचसा परतही आला. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने नंतर चौकशीचा अहवाल काढला. त्यात एकच असा दोषी सापडला नाही, पण ती घटना ज्या वेळी घडली ती वेळ हे मोठं कारण ठरलं. तोच ओघ दुपारी आला असता तर बाजाराने पुष्कळसा पचवला असता. ३ जानेवारी २०१९ ला येनच्या बाबतीतही तसंच. न्यूयॉर्क बंद झालेलं, जपानला सुट्टी, ऍपलने विक्रीचा अंदाज घटवल्याची बातमी, आणि येन काही मिनिटांत उसळला.

व्हॉल्यूमभाऊ

पण मग १५ जानेवारी २०१५ चं काय? स्विस नॅशनल बँकेने १.२० ची मर्यादा काढली ती ०९:३० यूटीसीला, लंडनच्या भर सकाळी. खोली भरपूर, तरी फ्रँकला धरायला कोणी नव्हतं.

स्पॉटडेस्क

बरोबर पकडलंत. मध्यवर्ती बँकच १.२० वर उभी आहे असं समजून सगळे तिथे टेकले होते. ती बाजूला झाली तर भर दुपारीही खोली क्षणात नाहीशी होते. तिथे सेशनचं घड्याळ काहीच वाचवत नाही.

अर्धविराम

मी या सगळ्याकडे मोजूनच बघतो. धागाकर्त्यासाठी एक छोटा तुकडा. ताशी डेटा यूटीसीत असेल तर न्यूयॉर्कच्या तासाप्रमाणे रेंज काढतो:

```python
import pandas as pd
df = pd.read_csv("EURUSD_H1.csv", parse_dates=["time"], index_col="time")
df.index = df.index.tz_localize("UTC").tz_convert("America/New_York")
df["pips"] = (df["high"] - df["low"]) * 10000
print(df.groupby(df.index.hour)["pips"].median())
```

सरासरीऐवजी मध्यक मुद्दाम घेतलाय, नाहीतर रोजगार अहवालाचे मोजके दिवस अख्खा तास फुगवतात. डेटा मेटाट्रेडरचा असेल तर तो यूटीसीत नसतो, ब्रोकरच्या सर्व्हरच्या वेळेत असतो. बऱ्याच ब्रोकरांचं घड्याळ असं लावलेलं असतं की न्यूयॉर्कच्या पाचला तिथे मध्यरात्र होते. तसं असेल तर सरळ सात तास वजा करा, न्यूयॉर्कची वेळ मिळते. पण काही ब्रोकर युरोपच्या तारखांना घड्याळ बदलतात, तिथे ते तीन आठवडे पुन्हा चुकतील. आधी १२ मार्चची कॅन्डल साडेआठच्या तासात पडते का, ते तपासून बघा.

एक मुद्दा ताईंना. मी नुसता ओव्हरलॅप न बघता लंडन उघडतानाचा पहिला तासही बघतो. पौंडाच्या जोड्यांत तो तास अनेकदा ओव्हरलॅपच्या तोडीस तोड येतो. तेव्हा तर न्यूयॉर्क झोपलेलं असतं.

स्पॉटडेस्क

येतो. रात्रभर साठलेले ऑर्डर तेव्हा सुटतात, आणि ब्रिटनचे बरेच आकडे लंडनच्या सकाळी सातला येतात. पौंडाची कारणं पौंडाच्या घरी. तसंच डॉलर-येनमध्ये टोकियोच्या सकाळी ९:५५ चं फिक्सिंग बघा, महिन्याच्या ठरावीक तारखांना आयातदारांची डॉलर खरेदी तिथे येते. म्हणून ‘आशिया म्हणजे शांत’ हे युरो-डॉलरला लागू, येनला नाही.

पंधरामिनिटवाला

कोड चालवला. आधी न्यूयॉर्कच्या घड्याळाने, मग मुद्दाम यूटीसीनेच. यूटीसीने काढलं की १२, १३ आणि १४ चे तास एकमेकांत मिसळून सपाट टेकडी दिसते. न्यूयॉर्कच्या घड्याळाने काढलं की आठच्या तासाला स्पष्ट शिखर. डेटा तोच. वहीतले वेगळे काढलेले ट्रेड पुन्हा तपासतोय, त्यातले निम्मे तरी नियमात बसत होते.

एक गोष्ट मात्र राहिली. लंडनचं फिक्सिंग झाल्यावर, न्यूयॉर्कच्या अकराच्या पुढे, दिवसाची चाल थोडी उलटते असं मला वाटतं. ते डेटातून कसं तपासायचं? महिनाअखेरीचे दिवस वेगळे काढू का?

अर्धविराम

वेगळे काढाच. मी एकदा सगळे दिवस एकत्र घेऊन बघितलं होतं, काही ठोस हाती लागलं नाही. फक्त महिनाअखेर घेतली तर वर्षाला बाराच दिवस मिळतात, आणि तेवढ्यावर बोलायची माझी हिंमत झाली नाही. दहा वर्षांचा मिनिटांचा डेटा कोणाकडे असेल तर सांगा, दोघं मिळून बसू.